व्हॉट्सॲपवरून आलेल्या वहीच्या पानातून काय वाचता येईल आणि काय नाही

प्रश्न: आमच्या आजोबांची हिशेबाची वही चिपळूणच्या घरी होती, ती २०२१ च्या पुरात गेली. एका पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर फिरत होता, तेवढाच उरलाय. मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. फोटो स्पष्ट करणारी तीन ॲप वापरून बघितली, तर प्रत्येकात आकडा वेगळा येतो. तारीख, रक्कम आणि पैसे दिले की घेतले, एवढं तरी कळेल का? त्याच संचातली दुसरी वही आत्याकडे डोंबिवलीला आहे, तिच्या पानांचेही फोटो पाठवतोय. (परळ, मुंबई)

उत्तर:

आपण पाठवलेल्या फाइलवर आणि दुसऱ्या वहीच्या फोटोंवर मी चार दिवस काम केले. रक्कम निश्चित सांगता येते. पैसे दिले होते, घेतले नव्हते, हेही निश्चित सांगता येते. तारीख सांगता येते, मात्र ती तारखेच्या अंकांवरून वाचलेली नाही, दुसऱ्या वाटेने ठरवलेली आहे. पानाच्या तळाच्या दोन ओळी या फाइलमधून वाचता येत नाहीत, आणि ज्या कोणी त्या वाचून दाखवल्या त्याने त्या स्वतःच्या मनाने लिहिलेल्या असतील. हे सारे कशाच्या आधारे म्हणतो ते सविस्तर लिहितो, म्हणजे आपल्याला ते स्वतः तपासून पाहता येईल.

प्रथम फाइलविषयी. तिचे नाव IMG-20190512-WA0031.jpg असे आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप चित्राला असे नाव देते आणि त्यातील आकडे त्या फोनवर चित्र आले त्या दिवसाचे असतात. म्हणजे हे चित्र पुरापूर्वी दोन वर्षे आपल्या भावाच्या फोनवर पोहोचले होते. चित्राची मापे ७२० गुणिले १६०० पिक्सेल आहेत. पानाच्या वर आणि खाली काळे पट्टे आहेत, आणि वरच्या पट्ट्यात बॅटरीची खूण दिसते. याचा अर्थ हा वहीचा फोटोच नव्हे. वहीच्या फोटोचा हा स्क्रीनशॉट आहे. आपल्याला वाटते की चित्र पुष्कळ वेळा फॉरवर्ड झाल्यामुळे बिघडले. नुसते फॉरवर्ड केल्याने साधारणतः चित्र पुन्हा दाबले जात नाही, एकदा चढवलेली तीच फाइल पुढे जाते. नुकसान होते ते मधल्या कुणी स्क्रीनशॉट काढला, कडा कापल्या, स्टेटसला लावले किंवा दोन फोटो एकत्र जोडून पुन्हा पाठवले तेव्हा. आपल्या पानाचे तेच झाले आहे.

किती नुकसान झाले हे मोजण्यासाठी फाइल किती केबीची आहे याला फारसे महत्त्व नाही. कागदावरच्या एका मिलिमीटरला किती पिक्सेल मिळाले हे पाहावे लागते. आत्याकडच्या वहीचे पान २० सेंटिमीटर रुंद आहे, असे आपण मोजून कळवले, आणि दोन्ही वह्या एकाच संचातल्या आहेत. चित्रात पानाची रुंदी ६४० पिक्सेल भरते. म्हणजे मिलिमीटरला ३.२ पिक्सेल. आजोबांच्या अक्षराची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची सुमारे ३ मिलिमीटर आहे, तिला चित्रात जेमतेम १० पिक्सेल मिळतात. टाकाची रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तर तिला दीड पिक्सेल मिळतो, आणि अनुस्वाराच्या टिंबालाही तेवढाच.

माझ्या अनुभवात या उंचीवरून कामाचा अंदाज बराच नीट बांधता येतो. अक्षराला २० किंवा अधिक पिक्सेल मिळाले असतील, तर टिंबासह जवळपास सर्व मजकूर वाचता येतो. १२ ते २० च्या दरम्यान शब्द वाचता येतात, पण वेलांटी आणि मात्रा यांबाबत शंका राहतात. ८ ते १२ या पट्ट्यात लिहिणाऱ्याचे वळण ओळखीचे असेल आणि मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे ठाऊक असेल तरच काही हाती लागते. त्याखाली फक्त ओळी किती, शब्द किती आणि कुठे खाडाखोड आहे, एवढेच कळते. आपले पान तिसऱ्या पट्ट्यात आहे, आणि तळाच्या दोन ओळी चौथ्या. तिथे पान वाकलेले आहे आणि अक्षरही आकसलेले आहे.

पिक्सेल कमी पडणे ही निम्मी अडचण आहे. उरलेली निम्मी जेपेग या पद्धतीने चित्र दाबण्यातून येते, आणि ती समजून घेतली नाही तर माणूस फसतो. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे ठोकळे पाडते. प्रत्येक ठोकळा हा सपाट छटेपासून अगदी बारीक पट्ट्यांपर्यंतच्या ठरावीक ६४ नमुन्यांचे मिश्रण आहे असे मानून प्रत्येक नमुना किती घ्यायचा याचे आकडे साठवते. जागा वाचवायची असते तेव्हा बारीक नमुन्यांचे आकडे ढोबळपणे गोळा केले जातात, आणि त्यातले पुष्कळसे शून्य होतात. एकदा शून्य झालेला आकडा परत आणण्याचा मार्ग नाही, कारण तो फाइलमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. आपल्या चित्रात आठ पिक्सेल म्हणजे कागदावरचे अडीच मिलिमीटर, म्हणजे एका अक्षराचा मोठा भाग एकाच ठोकळ्यात बसतो. अक्षराचा ढोबळ आकार, म्हणजे शाई डावीकडे दाट आहे की उजवीकडे, हे टिकते. ३ च्या मधली खाच, ४ च्या तळाची गाठ, ध आणि घ यांच्या शिरोभागातला फरक हे सर्व बारीक नमुन्यांत राहते, आणि तेच आधी जाते.

रंगाचे हाल याहून वाईट होतात. या पद्धतीत रंगाची माहिती बहुधा उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी अर्ध्यावर आणून साठवली जाते, त्यामुळे रंगाचा एक ठोकळा कागदावर पाच मिलिमीटर व्यापतो. एखादे टिंब निळ्या शाईचे आहे की पिवळट डागाचे, हे या चित्राच्या रंगावरून ठरवणे शक्य नाही. म्हणून मी रंग काढून टाकून फक्त उजेड-अंधाराच्या थरावर काम केले. आकाराची जी काही माहिती शिल्लक आहे ती त्या थरातच आहे.

दाबण्यामुळे माहिती नाहीशी होते तशी खोटी माहिती तयारही होते. गडद रेघेच्या आजूबाजूला फिकट लाटा उठतात आणि त्या टिंबांसारख्या दिसतात. आपण नवव्या ओळीत 'घरें' वाचून अनेकवचन धरले आहे, ते टिंब मी तपासले. चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून दर आठ पिक्सेलवर रेघा मारल्या, तर ते टिंब आणि त्या शब्दाची जाड शिरोरेषा एकाच ठोकळ्यात येतात, आणि त्याच ओळीत इतर तीन जाड रेघांवरही तेवढ्याच अंतरावर तसेच टिंब दिसते. तिथे अनुस्वार असण्याचे कारण नाही. म्हणून हे टिंब मी मजकुरात धरलेले नाही. याउलट जिथे टिंब दिसत नाही तिथे ते नव्हतेच असेही म्हणू नये. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी लिहायला शिकलेली माणसे 'पाठविलें', 'केलें' असे अनुस्वार सर्रास देत, आणि आत्याकडच्या वहीत आजोबा ते नियमाने देतात. या चित्रात ते बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत, कारण दीड पिक्सेलचे टिंब टिकलेले नाही. थोडक्यात, या पानावर अनुस्वाराच्या असण्यावरून किंवा नसण्यावरून कोणताही अर्थ काढता येणार नाही. शिरोरेषा तुटल्यासारखी दिसते ती जागाही अशीच पाहावी: तुटलेली जागा बरोबर आठच्या पटीवर येत असेल तर ती ठोकळ्याची कड आहे, लेखकाने हात उचलल्याची खूण नव्हे.

आपल्या तीन ॲपांनी तीन आकडे का दाखवले, त्याचे उत्तर यातच आहे. अशी ॲप हरवलेली रेघ शोधत नाहीत. त्यांना शिकवलेल्या दुसऱ्या असंख्य चित्रांत अशा धूसर जागी सहसा काय असते, त्यावरून ती नवी रेघ काढतात. काढलेली रेघ स्वच्छ आणि ठाम दिसते, आणि धोका तोच आहे, कारण मूळ चित्रातली शंका त्या स्वच्छ रेघेखाली झाकली जाते. चित्र मोठे करायचेच असेल तर साध्या गणिती पद्धतीने चौपट करावे. त्यात नवे काही कळत नाही, पण चौकोनांच्या कडा डोळ्याला त्रास देत नाहीत आणि शंका शंकेच्या जागी राहते.

मग वाचायचे कसे? धूसर चित्र स्पष्ट करण्याऐवजी स्पष्ट चित्र तितकेच धूसर करून दोन्ही शेजारी ठेवावीत, ही माझी रीत आहे. आत्याकडे दुसरी वही आहे, हे आपले भाग्य. तिच्यात त्याच हाताने, तशाच टाकाने, तशाच कागदावर लिहिलेले शेकडो आकडे आहेत, आणि ते नेमके कोणते आहेत हे आपल्याला माहीत आहे. त्या पानांचे स्पष्ट फोटो मी आपल्या पानावर जे जे झाले असावे त्याच प्रवासातून नेले. आपल्या फाइलवर ImageMagick या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमची पुढची आज्ञा चालवली, ती चित्राची मापे आणि दाबण्याच्या दर्जाचा अंदाज सांगते:

```
identify -format "%w %h %Q\n" IMG-20190512-WA0031.jpg
```

दर्जाचा आकडा ७५ च्या जवळपास आला. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते, त्यामुळे पहिल्यांदा पाठवलेला फोटो १२०० गुणिले १६०० चा असावा, आणि ७२० पिक्सेल रुंदीच्या फोनवर त्याचा स्क्रीनशॉट घेताना तो साठ टक्क्यांवर आला असावा. तोच क्रम मी दुसऱ्या वहीच्या पानाला लावला:

```
magick vahi2.png -resize 1200x1600 -quality 75 ek.jpg
magick ek.jpg -resize 60% -quality 75 don.jpg
```

दुसऱ्या वहीच्या फोटोत पान चौकटीत तेवढेच भरले आहे ना, हे आधी पाहून घेतले. don.jpg तयार झाल्यावर अक्षराची उंची मोजली, ती १० पिक्सेल भरली, आणि शिरोरेषेची जाडीही आपल्या पानाशी जुळली. प्रयोग आपल्या पानाशी तुलना करण्यालायक झाला आहे की नाही, हे या दोन मोजमापांवरून कळते. ती जुळली नसती तर पुढचे सगळे व्यर्थ होते.

मग त्या धूसर पानातून एकेक आकडा कापून, क्रम बदलून, माझ्या सहकाऱ्याला वाचायला दिला. खरा आकडा कोणता हे तिला ठाऊक नव्हते. ८, ७, ६, ० आणि १ हे आकडे तिने जवळपास प्रत्येक वेळी बरोबर ओळखले. ४ आणि ५ यांत वरचेवर चूक झाली. २ आणि ३ यांत तर निम्म्याच्या आसपासच उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी तेवढीच आली असती. तिचे डोळे अधू आहेत असा याचा अर्थ नाही. या हाताच्या २ आणि ३ मधली खाच कागदावर पाऊण मिलिमीटरची आहे, आणि ती या प्रवासात टिकत नाही, एवढाच अर्थ आहे. त्यामुळे आपल्या पानावर कोणीही, मी धरून, '२ दिसतोय' किंवा '३ दिसतोय' असे म्हणाले तर ते पुरावा म्हणून धरू नये.

हे एकदा पक्के झाले की पानाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो त्यांच्या आधाराने भरवसा नसलेले आकडे ठरवता येतात का, हा प्रश्न उरतो. आपल्या पानावर तो दोनदा सुटतो.

आधी रक्कम. पानावर रुपये, आणे, पै असे तीन रकाने आहेत आणि तीन नोंदींखाली आडवी रेघ मारून एकूण लिहिले आहे. मी इतर आकडे कागदाने झाकून आधी फक्त एकूण वाचले, म्हणजे वरच्या आकड्यांचा मनावर परिणाम होऊ नये. तिथे दशकाच्या जागी ८ आहे. ७ किंवा ६ असता तर शाईचा भार वेगळ्या बाजूला पडला असता, आणि प्रयोगात हे तीन आकडे एकमेकांशी गोंधळले नव्हते. एकूण ८४ रुपये ८ आणे आहे. या ४ बद्दल दृष्टीने खात्री देता येत नाही, तो ५ ही असू शकतो. आता नोंदी. पहिली [२/३]५ रुपये ८ आणे, दुसरी [२/३]० रुपये ४ आणे, तिसरी १८ रुपये १२ आणे. आण्यांची बेरीज ८, ४ आणि १२ मिळून २४, म्हणजे १ रुपया ८ आणे. एकूणच्या आण्यांच्या रकान्यात ८ च आहे, हे जुळले. रुपयांच्या एककांत ५, ० आणि ८ मिळून १३, त्यात हातचा १ धरून १४. म्हणजे एकूणच्या एककाच्या जागी ४ च हवा, ५ बसत नाही. पहिल्या नोंदीतला ५ हाही ४ असू शकतो अशी शंका घेतली तर एकक ३ येतो, आणि एकूणच्या जागी ३ चा आकार मुळीच नाही. दशकांत आता तीनच शक्यता राहतात. दोन्ही ठिकाणी २ असतील तर एकूण ६४ येते, एका ठिकाणी २ आणि दुसऱ्या ठिकाणी ३ असेल तर ७४, आणि दोन्ही ठिकाणी ३ असतील तरच ८४. म्हणून पहिली नोंद ३५ रुपये ८ आणे आणि दुसरी ३० रुपये ४ आणे आहे.

या तर्काला एक कच्चा दुवा असू शकतो: आजोबांची बेरीजच चुकली असेल तर? म्हणून आत्याकडच्या वहीतील जेवढी पाने आपण पाठवली, त्या सर्वांवरच्या बेरजा मी तपासल्या. एकही चुकीची सापडली नाही. आणे १६ झाले की रुपयाचा हातचा घेण्याचे त्यांचे काम चोख आहे. त्यामुळे ही रक्कम मी निश्चित या सदरात टाकतो. तिसऱ्या नोंदीतल्या १८ मधला १ प्रयोगात जवळपास प्रत्येक वेळी ओळखला गेला होता, आणि त्याला महत्त्व आहे, कारण तिथे २८ असते तर पहिल्या दोन नोंदींत एक २ आणि एक ३ धरूनही बेरीज ८४ च आली असती.

तारखेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पानाच्या माथ्यावर वार, तारीख आणि तिथी असे तिन्ही लिहिले आहे. 'मंगळवार' हा शब्द त्याच्या लांबीवरून आणि मधल्या ळ च्या रुंद आकारावरून नक्की होतो. इतर वारांपैकी एकाचीही बाह्यरेषा तिथे बसत नाही. तारीख १[२/३]-४-५[४/५] अशी आहे. महिन्याचा ४ मी ४ च धरला आहे, कारण पुढे चैत्र आहे आणि मे महिन्याच्या १२ किंवा १३ तारखेला त्या दोन्ही वर्षी चैत्र नव्हता. वर्षाच्या सुरुवातीचा ५ मात्र ४ नाही, कारण त्या वहीतली पहिली नोंद १९५२ ची आहे असे आत्याला आठवते. हा दुवा आठवणीचा आहे, चित्राचा नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

म्हणजे चार तारखा शक्य होत्या: १२ किंवा १३ एप्रिल, १९५४ किंवा १९५५. वार लावून पाहिला. १२ एप्रिल १९५४ सोमवार होता आणि १३ एप्रिल १९५५ बुधवार, म्हणून त्या दोन गळाल्या. पण १३ एप्रिल १९५४ मंगळवार होता आणि १२ एप्रिल १९५५ हाही मंगळवारच. वाराने चारांतून दोन तारखा काढल्या आणि तिथेच थांबला. अशा ठिकाणी घाई करणारा माणूस हमखास चुकतो, कारण पहिली तारीख वाराशी जुळली की तो दुसरी लावून पाहत नाही.

तिथीने हा पेच सोडवला. १३ एप्रिल १९५४ हा दिवस चैत्र शुद्ध पक्षातला आहे, त्या वर्षीची चैत्री पौर्णिमा अजून यायची होती. १२ एप्रिल १९५५ हा चैत्र वद्य पक्षातला आहे, पौर्णिमा होऊन गेली होती. आजोबा पक्ष 'शु॥' किंवा 'व॥' असा लिहितात. श ला रुंद डावा भाग आहे आणि खाली उकाराचा फाटा आहे, व ला यातले काही नाही. आत्याकडच्या वहीतून अशा दोन्ही खुणा कापून त्याच प्रवासातून नेल्या, तर धूसर झाल्यावरही शु॥ हा व॥ पेक्षा चार-पाच पिक्सेल रुंद राहतो आणि त्याच्या पायाखाली काळसर छटा उरते. आपल्या पानावर ती रुंदी आणि ती छटा दोन्ही आहेत. पान १३ एप्रिल १९५४ चे आहे. तिथीचा आकडा मात्र मला वाचता आलेला नाही, आणि पंचांगातून तो उचलून वाचलेल्या मजकुरात भरणे मी योग्य मानत नाही. तिथे मी टिंबे ठेवली आहेत.

दिले की घेतले, हे ठरवायला सर्वांत कमी वेळ लागला, कारण या दोन शब्दांतला फरक ढोबळ आहे. 'दिले' ला या हाताने सात-साडेसात मिलिमीटर लागतात, 'घेतले' ला अकराच्या वर. आपल्या पानावर तिन्ही नोंदींच्या शेवटचा शब्द २२ ते २४ पिक्सेल रुंद आहे, म्हणजे सात मिलिमीटरच्या आसपास. शिवाय शब्दाच्या आरंभी शिरोरेषेच्या वर कमान दिसते, ती पहिल्या वेलांटीची आहे. 'घेतले'मध्ये सुरुवातीला वर फक्त मात्रेची तिरकी रेघ आली असती आणि मागे आणखी एक अक्षर असते. तिन्ही ठिकाणी 'दिले' आहे. मात्र हा शब्द 'दिली' नाही असे मी रुंदीवरून म्हणू शकत नाही, ते केवळ रुपये दिले जातात या व्याकरणावरून म्हणतो.

कोणाला दिले, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीत वाचता येते, कारण तेच नाव आत्याकडच्या वहीत अनेकदा आले आहे आणि बाह्यरेषा जुळते. पहिल्या नोंदीतल्या नावाच्या जागी पाच अक्षरांचा शब्द आहे, शेवटी 'स' असावा. घरातल्या तीन नावांची बाह्यरेषा तिथे बसते, म्हणून मी एकही लिहिलेले नाही. या नावावरून घरात काही वाद असेल, तर या चित्राच्या आधारे तो सुटणार नाही. तसेच पानाखाली जी सही आहे ती कोणाची, याबद्दलही कोणाकडून मत घेऊ नये. सही तपासताना रेघेवरचा दाब, हात कुठे थबकला, रेघ कोणत्या क्रमाने ओढली हे पाहतात, आणि दीड पिक्सेलच्या रेघेत यातले काहीही उरत नाही.

तळाच्या दोन ओळींबद्दल इतकेच सांगता येते: पहिलीत सहा शब्द आहेत, दुसरीत चार, आणि दुसरीतला दुसरा शब्द खोडून वर काहीतरी लिहिले आहे. आपण कळवले की थोरल्या काकांना तिथे 'घर' आणि 'नावें' असे शब्द दिसतात. मी आत्याकडच्या वहीतले 'घर', 'परत', 'पत्र' आणि 'खर्च' हे चारही शब्द त्या ओळींइतके लहान आणि धूसर करून पाहिले. चौघांचा ठसा जवळजवळ एकच येतो. काकांना जे दिसते ते चित्रात असूही शकेल, पण चित्र ते दाखवत नाही.

या दोन ओळींसाठी एकच उपाय उरतो, तो म्हणजे स्क्रीनशॉटच्या आधीची फाइल शोधणे. ती मिळाली तर मिलिमीटरला ३.२ ऐवजी ५.३ पिक्सेल मिळतील, वरच्या अक्षरांची उंची १६ होईल आणि तळाच्या ओळी चौथ्या पट्ट्यातून तिसऱ्यात येतील. पान मुळात कोणी टिपले होते हे आधी विचारा. त्याच्या फोनच्या DCIM/Camera या फोल्डरमध्ये किंवा फोटोंच्या बॅकअपमध्ये मूळ फोटो राहिला असेल, तर वर लिहिलेले बहुतेक प्रश्नच उरणार नाहीत. तो फोन गेला असेल तर मे २०१९ मध्ये ग्रुपवर असलेल्या प्रत्येकाने WhatsApp Images हे फोल्डर आणि त्यातले Sent हे फोल्डर त्या महिन्याच्या आसपास पाहावे, कारण पाठवणाऱ्याच्या फोनवर पाठवलेली प्रतही साठते. शोधताना मापांकडे लक्ष ठेवा: १२०० गुणिले १६०० किंवा त्याच्या जवळपासची, काळे पट्टे नसलेली फाइल हवी. सापडल्यास ती चॅटमध्ये फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावी, म्हणजे ती पुन्हा दाबली जाणार नाही. तिच्या कडाही कापू नयेत.

आत्याकडच्या वहीचेही राहिलेल्या पानांचे फोटो याच वेळी नीट घेऊन ठेवावेत. सकाळी खिडकीशी, फ्लॅश न लावता, एका फोटोत अर्धेच पान घ्यावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. त्या वहीत 'घर', 'नावें', 'परत' आणि पहिल्या नोंदीत बसू शकणारी तिन्ही नावे जिथे जिथे आली असतील ती पाने मला आधी पाठवावीत. जुनी फाइल मिळाली तर तळाच्या ओळींसाठी त्यांचीच गरज लागेल.